पहिले समुपदेशन सत्र: माहिती घ्यावी, पण उलटतपासणी होऊ नये – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

समुपदेशनाचा अभ्यासक्रम पूर्ण करून पहिल्यांदाच एकट्याने सत्र घेणाऱ्यांकडून पर्यवेक्षणाच्या बैठकांत जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. केंद्रांमध्ये आलेल्या व्यक्तीला सर्रास ‘क्लायंट’ म्हणतात, म्हणून येथेही तोच शब्द ठेवला आहे. उदाहरणातील गृहस्थ कोणी एक खरी व्यक्ती नसून अनेक सत्रांतील अनुभव जुळवून ते उदाहरण रचलेले आहे.

माहिती-अर्ज चार पानांचा आहे. तो पहिल्याच सत्रात पूर्ण भरून घ्यावा लागतो का?

नाही, आणि तसा आग्रह धरला तर सत्र अर्जाचे होते, माणसाचे राहत नाही. सत्र साधारण 50 मिनिटांचे असते. त्यातील सुरुवातीची आणि शेवटची मिनिटे वजा केली, तर प्रत्यक्ष बोलण्यासाठी पस्तीस मिनिटांच्या आसपास वेळ उरतो. एवढ्या वेळात साठ रकाने भरायचे ठरवले, तर प्रत्येक उत्तराच्या वाट्याला अर्ध्या मिनिटाहून थोडाच अधिक वेळ येईल.

म्हणून आधी स्वतःशी एक गोष्ट ठरवून घ्यावी: ही व्यक्ती आज दारातून बाहेर पडण्यापूर्वी मला काय कळलेच पाहिजे? माझ्या मते ते फार थोडे असते. ती नेमकी आत्ताच का आली, रोजच्या जगण्यात कुठे अडते आहे, तिच्या किंवा इतर कोणाच्या जिवाला धोका आहे का, आणि सध्या कोणते औषधोपचार किंवा व्यसन चालू आहे का, एवढे पहिल्या दिवशी कळावे. यातील औषधांचा प्रश्न अनेक जण विसरतात. थायरॉइडच्या विकारात किंवा रक्तक्षयात येणारा थकवा आणि निरुत्साह वरवर उदासीनतेसारखाच दिसतो, आणि तो बोलून बरा होत नाही. बालपण, शिक्षण, विवाहाचा इतिहास, तीन पिढ्यांचा कुटुंबवृक्ष हे सारे मोलाचे आहे, पण ते दुसऱ्या-तिसऱ्या सत्रापर्यंत थांबू शकते. संस्थेला पूर्ण अर्ज हवाच असेल, तर तो तिसऱ्या सत्रापर्यंत पूर्ण होईल असे कार्यालयाशी आधीच ठरवून घ्यावे.

नाव, वय, पत्ता, फोन ही माहिती बाहेर बसल्या-बसल्या लिहून घेता येते. मात्र सर्वांनाच लिहिणे सोयीचे नसते. अशा वेळी मदतनिसाने प्रतीक्षा-कक्षात सर्वांच्या देखत मोठ्याने प्रश्न विचारून अर्ज भरू नये, तो आत घेऊन भरावा. आणि जे लिहून दिलेले आहे, ते पुन्हा विचारू नये. “वय किती?” असा प्रश्न आत आल्यावर पुन्हा आला, की आपण लिहिलेले कोणी वाचलेलेच नाही, हे क्लायंटला पहिल्याच मिनिटात कळते.

पहिला प्रश्न विचारण्यापूर्वी काय सांगावे?

आपण कोण आहोत, किती वेळ बोलणार आहोत, काही लिहून घेणार असू तर ते कशासाठी, आणि एखाद्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे नसेल तर “हे आज नको” म्हणण्याची मोकळीक आहे, हे सांगावे. ही शेवटची मोकळीक केवळ सौजन्याची नाही. ज्याला नकार देता येतो त्याचा होकार खरा असतो. नकाराची वाट बंद असेल, तर माणूस खोटे उत्तर देतो किंवा अर्धे देतो.

गोपनीयतेबद्दल मात्र घाईने “इथलं काही बाहेर जाणार नाही” असे सरसकट आश्वासन देऊ नये, कारण ते खरे नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 मध्ये गोपनीयता हा रुग्णाचा हक्क मानला असून त्याला काही अपवादही ठेवले आहेत. 18 वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले, तर 2012 च्या पॉक्सो कायद्याच्या कलम 19 नुसार ते पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. हे कायदेशीर भाषेत वाचून दाखवण्याची गरज नाही. “तुम्ही बोलाल ते माझ्यापाशीच राहील. फक्त तुमच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका आहे असं वाटलं, किंवा लहान मुलावर अत्याचार होतोय असं कळलं, तर मला इतरांची मदत घ्यावी लागेल, आणि शक्यतो तुम्हाला सांगूनच मी ते करेन,” एवढे पुरते. हे आधी न सांगता मधेच, क्लायंट काही उघड करत असताना सांगितले, तर तो फसवल्यासारखा गप्प होतो, आणि त्याचे वाटणे चुकीचेही नसते.

संभाषणाची उलटतपासणी झाली, हे नेमके कधी म्हणावे?

नव्या समुपदेशकांना वाटते की प्रश्न जास्त झाले की उलटतपासणी होते. माझा अनुभव थोडा वेगळा आहे. प्रश्न थोडे असूनही चौकशी वाटू शकते आणि पुष्कळ असूनही गप्पा वाटू शकतात. फरक पडतो तो पोचेचा. आपण टपालाने काही पाठवले की पोच येते, आणि वस्तू पोहोचली याची खात्री होते. उत्तराचेही तसेच आहे. क्लायंटने काही सांगितले, ते आपल्यापर्यंत काय म्हणून पोहोचले हे त्याला ऐकवले, आणि मगच पुढचे विचारले, तर तो सांगत राहतो. पोच न देता पुढचा प्रश्न आला, की आपली उत्तरे कुठल्यातरी फायलीत जमा होत आहेत असे त्याला वाटू लागते.

प्रेरक मुलाखत ही पद्धत मांडणाऱ्या विल्यम मिलर आणि स्टीफन रोलनिक यांनी याला प्रश्नोत्तरांचा सापळा म्हटले आहे. त्या पद्धतीतील सत्रांचे मूल्यमापन करताना एका प्रश्नामागे निदान एक प्रतिसाद, म्हणजे ऐकलेले परत मांडणारे वाक्य, हे बरे मानतात आणि एका प्रश्नामागे दोन हे चांगले. क्लायंटची परवानगी घेऊन ध्वनिमुद्रित केलेल्या आपल्याच सत्रातील दहा मिनिटे ऐकावीत आणि कागदावर दोन रकान्यांत रेघा माराव्यात. पहिल्यांदा ते करताना बहुतेकांना धक्का बसतो. मलाही बसला होता: प्रश्नांच्या रकान्यात एकोणीस रेघा आणि प्रतिसादांच्या रकान्यात तीन.

मोजल्याशिवाय ओळखायचे असेल तर उत्तरांची लांबी पाहावी. ती एकेका शब्दावर आली, क्लायंट उत्तर देऊन लगेच आपल्याकडे पुढच्या प्रश्नाच्या अपेक्षेने पाहू लागला, किंवा “अजून काय?” असे त्यानेच विचारले, तर तो आता सांगत नाही, केवळ हजेरी देतो आहे.

एखाद्या उदाहरणातून हा फरक दाखवता येईल का?

41 वर्षांचे एक गृहस्थ, पतसंस्थेत रोखपाल, पत्नीच्या आग्रहावरून आलेले. अर्जात तक्रारीच्या जागी “झोप नाही, चिडचिड” एवढेच लिहिलेले. नव्या समुपदेशकाच्या हातून पहिली दोन मिनिटे बहुधा अशी जातात:

“झोप किती तास लागते?” “चार-साडेचार.” “भूक?” “बरी आहे.” “दारू वगैरे?” “नाही.” “घरी भांडणं होतात का?” “तशी नाही.” “कामाचा ताण?” “असतो थोडा.”

पाच रकाने भरले आणि हाती काही आले नाही. वास्तविक “तशी नाही” आणि “असतो थोडा” या दोन्ही ठिकाणी दार किलकिले झाले होते, पण पुढचा प्रश्न तयार असल्यामुळे ते कोणाला दिसले नाही. आता तेच संभाषण दुसऱ्या रीतीने:

“झोप लागत नाही असं तुम्ही लिहिलंय. कालची रात्र कशी गेली, सांगाल का?”

“काल अकराला पडलो. दीडला जाग आली, मग पडूनच होतो.”

“दीडपासून उजाडेपर्यंत जागे.”

“हो. बायको उठू नये म्हणून कूसही बदलत नाही.”

“म्हणजे जागंही राहायचं, आणि वर ते लपवायचंही.”

येथे ते थोडा वेळ थांबले. समुपदेशकही थांबला. मग ते म्हणाले, “ती विचारते काय झालं म्हणून. तिला काय सांगणार? मार्चमध्ये मोजणीत अठरा हजार कमी आले. मी भरले, मित्राकडून उसने घेऊन. पण तेव्हापासून सारखं वाटतं, परत चुकलं तर.”

प्रश्न एकच होता. तरीही झोपेची वेळ, मध्यरात्री जाग येण्याची तऱ्हा, त्रास कधीपासून, घटना कोणती, कर्ज, पत्नीशी असलेला अबोला आणि मनातली मुख्य भीती, एवढे त्यातून आले, आणि हे सारे सत्रानंतर अर्जातील योग्य रकान्यांत लिहिता येते. “तुम्हाला झोप कशी लागते?” असे न विचारता कालच्या रात्रीबद्दल विचारले, हेही लक्षात घ्यावे. सर्वसाधारण प्रश्नाला माणूस सरासरी काढून उत्तर देतो, आणि सरासरीत प्रसंग हरवतात. एका ठरावीक रात्रीबद्दल विचारले की त्याला ती डोळ्यांसमोर आणावी लागते.

“का?” हा प्रश्न टाळावा असे शिकवतात. मराठीत ते कितपत खरे आहे?

मराठीत ते जास्तच खरे आहे. “उशीर का झाला?”, “अभ्यास का नाही केलास?”, “आधी का नाही सांगितलंस?” ही वाक्ये आपण लहानपणापासून ऐकलेली असतात, आणि त्यांतील एकाही वाक्यात विचारणाऱ्याला कारण हवे नसते. म्हणून “पत्नीला का नाही सांगितलं?” असे आपण कितीही मृदू आवाजात विचारले, तरी समोरचा सफाई देऊ लागतो. त्याऐवजी “तिला सांगावंसं वाटलं तेव्हा मनात काय यायचं?” असे विचारता येते. गंमत अशी की हाच ‘का’ वाक्याच्या शेवटी गेला की तो परवानगी मागतो: “सांगाल का?”, “याबद्दल थोडं बोलूया का?” त्यामुळे शब्दावर बंदी घालण्याची गरज नाही, त्याची जागा सांभाळावी.

‘का’पेक्षा मला अधिक खटकतो तो ‘ना’. “जेवण जातं ना?”, “घरचे नीट वागतात ना?” या प्रश्नांना “हो” हे एकच सोपे उत्तर असते, आणि लाजऱ्या किंवा आदराने वागणाऱ्या माणसाला दुसरे उत्तर देणे जमत नाही.

आडनाव, गाव, जात यांचे रकाने अर्जात आहेत. ते कसे विचारावेत?

महाराष्ट्रात “आडनाव काय? मूळ गाव कोणतं?” हे दोन प्रश्न एकापाठोपाठ आले, की पुष्कळांना त्यामागे न विचारलेला तिसरा प्रश्न ऐकू येतो. भाड्याने घर शोधताना ज्याने ते प्रश्न ऐकले आहेत, तो समुपदेशकाच्या खोलीतही ते त्याच कानांनी ऐकतो. माझे मत असे की सरकारी योजनेसाठी किंवा शुल्कसवलतीसाठी जात नोंदवणे आवश्यक असेल, तर ते कारणासह कार्यालयाने कागदावर घ्यावे. पहिल्या सत्रात समुपदेशकाने तोंडी विचारू नये. जातीमुळे भोगलेला अपमान हाच त्रासाचा भाग असू शकतो, पण ते क्लायंट सांगेल तेव्हा ऐकावे, आणि ऐकताना विषय बदलू नये.

संबोधनाचेही असेच आहे. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीला आपोआप “तू” म्हणण्याआधी “तू म्हटलेलं चालेल, की तुम्ही?” असे विचारण्यात काही कमीपणा नाही. वयाने मोठ्यांना “काका”, “मावशी” म्हटले की वातावरण मोकळे होते खरे, पण नात्याबरोबर नात्याचा संकोचही येतो. ज्या मुलीने आपल्याला काका म्हटले, तिच्याजवळ दारूबद्दल किंवा वैवाहिक संबंधांबद्दल बोलणे अनेक पुरुषांना अशक्य होते.

सोबत आलेले नातेवाईक आत बसतात आणि तेच उत्तरे देतात. काय करावे?

त्यांना बाहेर काढण्याची घाई करू नये. पुष्कळदा क्लायंटला आणणारे, पैसे भरणारे आणि पुढच्या वेळी पुन्हा आणणारे तेच असतात. सुरुवातीची दहा मिनिटे दोघांना एकत्र भेटावे, नातेवाइकांची काळजी त्यांच्याच शब्दांत ऐकून तिची पोच द्यावी, आणि मग “आमच्याकडे प्रत्येकाशी थोडा वेळ स्वतंत्र बोलायची पद्धत आहे” असे सांगून त्यांना बाहेर बसण्याची विनंती करावी. ‘पद्धत आहे’ हा शब्दप्रयोग उपयोगी पडतो, कारण मग त्यात कोणावर अविश्वास दाखवल्यासारखे होत नाही. क्लायंट एकटा झाला की “त्यांनी सांगितलं ते मी ऐकलं. तुम्हाला ते कसं दिसतं?” अशी सुरुवात करावी. शेवटी नातेवाइकांना आत बोलावण्यापूर्वी त्यांना काय सांगितलेले चालेल आणि काय चालणार नाही, हे क्लायंटशी ठरवून घ्यावे.

“हिला जरा चार गोष्टी समजावून सांगा” असे म्हणत एखाद्या मुलीला तिच्या मामांनी आणून सोडले, तर ते काम आपण स्वीकारलेले नाही, हे दोघांच्याही समोर स्पष्ट करावे. तसे न केल्यास मुलगी आपल्याला मामांच्या बाजूची व्यक्ती समजते, आणि मग कोणतेही कौशल्य उपयोगी पडत नाही.

आत्महत्येबद्दल विचारणे टाळता येत नाही. पण त्याने विश्वास तुटणार नाही का?

थेट विचारल्याने मनात नसलेला विचार रुजत नाही, हे यावरील संशोधनातून दिसून आले आहे. विश्वास तुटतो तो विचारण्याच्या जागेमुळे आणि सुरामुळे. झोप, भूक, व्यसन यांच्या यादीत “आणि आत्महत्येचे विचार वगैरे नाहीत ना?” असे विचारले, तर उत्तर “नाही” असेच येते, कारण प्रश्नानेच ते मागितलेले असते.

उदासीनतेच्या मापनासाठी वापरली जाणारी PHQ-9 ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली अनेक केंद्रांत आधीच भरून घेतात. तीत मागील दोन आठवड्यांबद्दल विचारतात, प्रत्येक उत्तराला 0 ते 3 गुण असतात, आणि नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा असतो. एकूण गुण कमी असले, तरी नवव्या प्रश्नाला शून्याव्यतिरिक्त उत्तर असेल, तर त्याच दिवशी त्यावर बोललेच पाहिजे. कागद फायलीत गेला आणि कोणी विचारलेच नाही, असे होता कामा नये.

त्या रोखपालांच्या बाबतीत हा प्रश्न त्यांच्या दीड वाजताच्या जागेपणातून निघाला. “एवढ्या रात्री एकटं जागं असताना, हे सगळं संपवून टाकावं, मरून जावं, असं कधी मनात येतं का?” ते म्हणाले, “सकाळी उठूच नये असं वाटतं. पण तसलं काही करणार नाही, मुलगी दहावीत आहे.” येथे सुटकेचा निःश्वास टाकून पुढे जाणे ही नेहमीची चूक होय. समुपदेशकाने आधी पोच दिली: “मुलीमुळे थांबता, पण उठू नये असं वाटण्याइतका थकवा आलाय.” आणि मग पुढच्या पायऱ्या विचारल्या: असे किती वेळा वाटते, कसे करावे याचा विचार कधी आला का, तशी काही तयारी केली का, पूर्वी कधी प्रयत्न झाला होता का. त्यांच्याकडे योजना किंवा साधन नव्हते. असते, तर त्यांना एकटे घरी पाठवता आले नसते. त्यांना सांगून पत्नीला बोलावणे, साधन हाताशी राहणार नाही याची व्यवस्था करणे आणि त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांची भेट ठरवणे, हे अर्ज बाजूला ठेवून करावे लागले असते. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक त्यांना तरीही लिहून दिला.

पूर्वीच्या प्रयत्नाबद्दल बोलताना “पोलीस केस होईल” या भीतीने लोक अडखळतात. 2017 च्या कायद्याच्या कलम 115 नुसार प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले जाते, आणि तिच्यावर त्यासाठी खटला चालवला जात नाही. हे सांगितल्यावर अडलेले बोलणे पुढे सरकते.

क्लायंट काहीच बोलत नसेल तर?

आधी त्या शांततेला थोडी जागा द्यावी. पाच सेकंदांची शांतता समुपदेशकाला अर्ध्या मिनिटाएवढी वाटते. त्यानंतरही बोलणे येत नसेल, तर प्रश्न वाढवू नयेत, ते लहान करावेत आणि शरीराकडे किंवा आजच्या दिवसाकडे वळवावेत: “इथे यायचं ठरवलं तेव्हापासून आज सकाळपर्यंत मनात काय चाललं होतं?” ग्रामीण भागातील अनेक स्त्रिया ‘उदास वाटते’ असे म्हणत नाहीत, ‘जीव घाबरा होतो’, ‘डोकं जड होतं’ असे म्हणतात. तेथे तोच शब्द उचलावा आणि जीव घाबरा होतो तेव्हा नेमके काय होते, ते विचारावे. त्याचे ‘चिंता’ असे भाषांतर करण्याची घाई आपल्याला असते, त्यांना नसते.

आणि सतत बोलणारा क्लायंट?

त्याला थांबवणे उद्धटपणाचे नाही, पण तेही पोच देऊनच करावे: “तुम्ही आता तीन गोष्टी सांगितल्यात, एकही निसटू नये म्हणून जरा थांबवतो.”

विश्वास जुळला की नाही, हे सत्राच्या शेवटी कसे ओळखावे?

अंदाज करत बसण्यापेक्षा विचारावे. शेवटची दहा मिनिटे राखून ठेवावीत, आपल्याला जे कळले ते चार-पाच वाक्यांत मांडावे आणि “यात काही चुकलं का, काही राहिलं का?” असे विचारावे. क्लायंटने एखादी दुरुस्ती केली, तर ते फार चांगले लक्षण समजावे. प्रत्येक वाक्याला मान डोलावून “हो सर, बरोबर सर” म्हणणारा क्लायंट मला अधिक काळजीत टाकतो. त्यानंतर “आजचा कोणता प्रश्न नकोसा वाटला?” असेही विचारावे. हा प्रश्न “सत्र कसं वाटलं?” यापेक्षा बरा, कारण त्याला “छान वाटलं” म्हणून सुटता येत नाही.

रोखपालांनी सारांशात एक दुरुस्ती केली: चूक पुन्हा होईल यापेक्षा, ती सर्वांसमोर उघड होईल याची त्यांना अधिक भीती होती. नकोशा वाटलेल्या प्रश्नाबद्दल त्यांनी आधी काही नाही म्हटले. मग उठता उठता म्हणाले, “प्रश्न नाही, पण तुम्ही तो आकडा लिहिलात ना, तेव्हा जरा थबकलो.” समुपदेशकाने वही त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती वाचली, आणि ‘18,000’ च्या जागी ‘मार्चमधील घटना’ एवढेच लिहिलेले चालेल का, असे विचारले. तसा बदल त्यांच्यासमोरच केला, आणि पुढच्या गुरुवारी साडेपाचची वेळ त्यांनी स्वतःच मागून घेतली.